‘असे का केले?’ – दोन गुणांच्या उत्तरात नेमकं काय लिहायचं

बाई, मी दहावीला मराठी माध्यमात शिकते. धडा सगळा तोंडपाठ असतो, तरी ‘अमक्याने असे का केले?’ हा दोन गुणांचा प्रश्न आला की मला एकच गुण पडतो, कधीकधी तोही नाही. मी अर्धं पान लिहिते. आमचे सर म्हणतात, ‘गोष्ट नको, हेतू लिही.’ माझ्या मैत्रिणीने तीनच ओळी लिहिल्या तर तिला पूर्ण गुण! प्रिपरेटरी जवळ आली की. दोन-तीन वाक्यांत नेमकं काय बसवायचं? आणि पात्राने स्वतःच कारण सांगितलं असेल तर तेच लिहायचं काय?
– एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका, जि. बेळगाव

पोरी, तुझे सर सांगतात ते खरं आहे, पण ‘हेतू लिही’ एवढं ऐकून हेतू सापडत नाही. तो कशासारखा दिसतो आणि कशात मिसळून हरवतो, ते आधी बघू. त्यासाठी तुला आधीपासून ठाऊक असलेली हिरकणीची गोष्ट घेऊ. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, सांज झाल्यावर बंद झालेले दरवाजे, न ऐकणारे पहारेकरी, मग तिने अंधारात उतरलेला कडा आणि पुढे महाराजांनी त्या जागी बांधलेला बुरूज. आता प्रश्न असा आला समज: ‘हिरकणी रात्री कडा उतरून का गेली?’

वर्गात या प्रश्नाला चार तऱ्हेची उत्तरं येतात. पहिलं, गडाचे दरवाजे बंद झाले होते म्हणून. दुसरं, ती फार धाडसी होती म्हणून. तिसरं, तिच्या धाडसामुळे महाराजांनी तिथे बुरूज बांधला. चौथं, घरी तान्हं बाळ होतं आणि ते रात्रभर उपाशी राहू नये म्हणून. चारही गोष्टी कथेत आहेत, एकही खोटी नाही. तरी हेतू फक्त चौथ्या उत्तरात आहे. पहिल्या तिघांतलं एखादं लिहून मूल घरी जातं आणि ‘मी बरोबर लिहिलं होतं, गुण का कापले?’ म्हणून रुसतं.

दरवाजे बंद होणं ही अडचण. अडचण हेतू आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. मनात विचार, हीच अडचण दुसऱ्या कुणावर आली असती तर त्यानेही हेच केलं असतं काय? त्या संध्याकाळी गडावर आणखी कुणी अडकला असता, तर तो तिथेच कुठेतरी पडवीत आडवा झाला असता आणि सकाळी दरवाजा उघडल्यावर खाली गेला असता. दरवाजा दोघांनाही बंदच होता. म्हणजे हिरकणीला कड्याकडे नेणारी गोष्ट दरवाजात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

धाडसी असणं हा स्वभाव. त्याचीही परीक्षा आहे: मग ती रोज का नाही उतरली? धाडस तर तिच्यात कालही होतं, परवाही होतं. रोज ती दरवाजातून शहाण्यासारखी ये-जा करत होती. स्वभावामुळे माणसाला एखादी गोष्ट जमते, पण ती त्याच दिवशी, त्याच घटकेला का केली हे स्वभावावरून कळत नाही. ‘तो दयाळू होता’, ‘ती स्वाभिमानी होती’, ‘ते प्रेमळ होते’ ही वाक्यं कुठल्याही धड्यातल्या कुठल्याही पात्राला चिकटवता येतात. तपासणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं. धडा न वाचताही लिहिता येतं असं वाक्य दिसलं की त्याचा हात गुणाकडे जात नाही.

बुरूज हा परिणाम. कडा उतरताना हिरकणीला तो बुरूज ठाऊकच नव्हता, तेव्हा तो तिचा हेतू होऊ शकत नाही. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण परीक्षेच्या घाईत मुलं शेवटी जे घडलं त्यालाच कारण ठरवून मोकळी होतात. ‘महाराजांना आपले शौर्य दाखवण्यासाठी’ असं उत्तरही यातूनच जन्माला येतं.

हेतू म्हणजे त्या घटकेला त्या माणसाला काय हवं होतं, किंवा काय नको होतं. तुझ्या सरांच्या ‘हेतू लिही’चा अर्थ एवढाच आहे. ‘का?’ हा प्रश्न वाचलास की मनातल्या मनात तो बदलून घे: ‘तिला काय हवं होतं? तिला कशाची भीती होती?’ उत्तर आपोआप वेगळ्या वाटेने येतं. बाळ उपाशी राहू नये, ही तिची भीती. बाळाजवळ पोहोचायचं, ही तिची इच्छा.

इथे आपली मराठी तुला मदत करते. वाक्याचा शेवट तपासून बघ. ‘बंद होते म्हणून’, ‘धाडसी होती म्हणून’ असं ‘होते, होती’ आलं की बहुतेक वेळा तू परिस्थिती किंवा स्वभाव सांगते आहेस. ‘राहू नये म्हणून’, ‘पोहोचावे म्हणून’, ‘वाचवण्यासाठी’, ‘या भीतीने’, ‘या इच्छेने’ असं आलं की तू हेतूजवळ आहेस. हा काही व्याकरणाचा पक्का नियम नव्हे, पण पेपर लिहिताना उत्तर रुळावर आहे की नाही हे एका नजरेत कळतं. ‘होते म्हणून’वर वाक्य संपलं तर एकदा थांब आणि त्याला ‘नये म्हणून’ किंवा ‘यासाठी’ लावून बघ. जमलं नाही, तर हेतू अजून सापडलेला नाही.

आता दोन गुणांत काय बसवायचं? दोन गुणांच्या उत्तरात साधारण दोन मुद्दे बघितले जातात. हेतूच्या प्रश्नात ते दोन मुद्दे म्हणजे एक, हेतू. आणि दोन, तो हेतू धड्यात कुठे दिसतो. पहिल्या वाक्यात सरळ हेतू, दुसऱ्या वाक्यात धड्यातला पुरावा. असं:

‘घरी असलेले तान्हे बाळ रात्रभर उपाशी राहू नये, म्हणून हिरकणी कडा उतरून गेली. विनवण्या करूनही पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही, तेव्हा बाळापर्यंत पोहोचण्याचा तिच्यापुढे हाच एक मार्ग उरला.’

दोन वाक्यं झाली. बंद दरवाजा गेला कुठे? तो दुसऱ्या वाक्यात आला. म्हणजे अडचण उत्तरातून हाकलायची नाही, तिला हेतूच्या मागे उभी करायची. तुझ्या अर्ध्या पानात हे दोन्ही मुद्दे बहुतेक असतातच, पण ते सातव्या-आठव्या ओळीत, ‘एकदा काय झाले’च्या खाली दबलेले असतात. एका बैठकीत गठ्ठा तपासणारा माणूस पहिल्या दोन ओळींत उत्तर शोधतो. तिथे दूध, गड आणि संध्याकाळच दिसली, तर ‘हिने गोष्ट सांगितली’ असं त्याचं मत होऊन जातं. मैत्रिणीच्या तीन ओळींत जादू नाही, तिचा हेतू पहिल्या ओळीत आहे एवढंच.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. पात्राने स्वतः सांगितलेलं कारण लिहायचं की नाही? याला हिरकणी पुरणार नाही. मीच एक छोटा उतारा लिहिते, तुझ्याच भागातला. नीट वाच.

‘गणपाला खानापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण पावसाळ्यात सकाळची बस कधी यायची, कधी नाही. बाप नसलेल्या त्या पोराला शेजारच्या आप्पांनी जीपसाठी पैसे देऊ केले. गणपाने ते परत केले. म्हणाला, “आप्पा, फुकटचं नको. आईला आवडायचं नाही.” आठवड्याने आप्पा आपली सायकल ढकलत त्याच्या दारात आले. “ही घे बाबा. माझे गुडघे आता पायडल मारू देईनात. घरात पडून गंजायची त्यापेक्षा तू चालव, तेल-पाणी कर, माझंच काम होईल.” गणपाने सायकल ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कॉलेजला निघाला, तेव्हा लांबच्या मळ्याकडे जाणाऱ्या चढावर आप्पा डोक्यावर खताचं पोतं घेऊन झपाझप चालले होते.’

प्रश्न: ‘आप्पांनी गणपाला गुडघेदुखीचे कारण का सांगितले?’ (२ गुण)

प्रश्नातली क्रिया कोणती आहे ते आधी पक्कं कर. सायकल का दिली, असं विचारलेलं नाही. गुडघेदुखी का सांगितली, असं विचारलंय. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. सायकल दिली ती गणपाला बसची वाट न बघता वेळेवर कॉलेजला पोहोचता यावं म्हणून. गुडघ्यांचं सांगितलं ते त्याने सायकल नाकारू नये म्हणून. घाईत वाचणारी मुलं दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर देतात, आणि ते उत्तर इतकं जवळचं असतं की आपलं चुकलं हे त्यांना पेपर हातात आल्यावरही कळत नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेवर ‘का’च्या आधीची किंवा नंतरची क्रिया, म्हणजे ‘सांगितले’, ‘नाकारले’, ‘परतला’, ‘गप्प राहिली’, जी असेल ती हलकेच पेन्सिलीने अधोरेखित कर.

मग पात्राचं बोलणं तपास. आप्पा म्हणतात, गुडघे पायडल मारू देत नाहीत. हे खरं मानायचं का? त्यासाठी आपण आप्पांचं मन वाचू शकत नाही, फक्त उतारा वाचू शकतो. उताऱ्यात त्यांच्या बोलण्याला खोडून काढणारं काही आहे काय? आहे. पोतं डोक्यावर घेऊन ते चढ झपाझप चढताहेत. ज्याचे गुडघे सायकल सोडायला लावतात, तो माणूस हे करणार नाही. लेखकाने ते शेवटचं वाक्य नुसतं सजावटीला ठेवलेलं नाही. आता मागे जा आणि आप्पांना खोटं बोलायची गरज का पडली ते शोध. गणपाने पैसे परत केलेत, ‘फुकटचं नको’ म्हणालाय. म्हणजे सरळ मदत म्हणून दिली असती तर सायकलही परत आली असती. आप्पांनी मदतीला आपल्याच कामाचं रूप दिलं.

उत्तर असं होईल:

‘गणपाने सायकल नाकारू नये आणि त्याला मिंधेपणा वाटू नये, म्हणून आप्पांनी गुडघेदुखीचे निमित्त सांगितले. याआधी त्याने “फुकटचं नको” म्हणत त्यांचे पैसे परत केले होते. दुसऱ्या दिवशी आप्पा पोते घेऊन चढावरून झपाझप चालले होते, यावरून गुडघेदुखी हे खरे कारण नव्हते हे कळते.’

तीन वाक्यं. पहिल्यात हेतू, दुसऱ्यात हेतूचं मूळ, तिसऱ्यात पुरावा. धड्यातले शब्द घेतले ते फक्त दोन, ‘फुकटचं नको’. तेवढे पुरतात. अख्खं वाक्य अवतरणात उतरवलंस तर तुझी ओळ जाते आणि तपासणाऱ्याला वाटतं, हिला यातलं नेमकं काय महत्त्वाचं ते ठरवता आलं नाही. मूळ शब्द आठवत नसले तर अवतरण चिन्ह देऊच नकोस, ‘त्याने आधी पैसे घ्यायला नकार दिला होता’ असं आपल्या शब्दांत लिही. चुकीचे शब्द अवतरणात टाकण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

याच प्रश्नाला ‘आप्पांचे गुडघे दुखत होते’ एवढं लिहिलं तर पात्राच्या बोलण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असं होतं. ‘आप्पा परोपकारी होते’ लिहिलं तर तो पुन्हा स्वभाव झाला. परोपकारी माणूस सरळ ‘घे रे’ म्हणूनही सायकल देतो, त्याला गुडघे मध्ये आणावे लागत नाहीत. आणि ‘आपण दुसऱ्यांना मदत केली पाहिजे हे यातून समजते’ असं शेवटी जोडायची सवय असेल तर ती आजच सोड. तात्पर्य कुणी विचारलेलं नाही. विचारलं तेव्हा लिही.

पण याची उलट बाजूही सांगते, नाहीतर तू प्रत्येक धड्यात खोटं बोलणारी माणसं शोधत बसशील. पात्र जे म्हणतं त्याच्या विरुद्ध धड्यात काहीच नसेल, तर त्याचं म्हणणंच हेतू मानायचा. लेखकाने स्वतः ‘आईला बरे वाटावे म्हणून तो हसला’ असं लिहून ठेवलं असेल, तर तेच उत्तर. त्याच्या खाली आणखी खोल काही उकरू नकोस. बहुतेक धड्यांत हेतू असा उघडाच असतो. बोलणं आणि वागणं एकमेकांशी जुळत नसेल, तिथेच दुसरं कारण शोधायचं. हुशार मुलांचे गुण जातात ते कधीकधी इथेच, साध्या गोष्टीतून गूढ काढण्यात.

एका पात्राचे दोन हेतू असतील तर? माझ्या उताऱ्यातही आहेत: नाकारू नये हा एक, आणि मिंधेपणा वाटू नये हा दुसरा. ते एकमेकांना लागून आहेत म्हणून ‘आणि’ने एकाच वाक्यात बसले. ते एकमेकांपासून लांबचे असतील, उदाहरणार्थ एक रागातून आणि एक गरजेतून, तर दोन गुणांसाठी ज्याला धड्यात ठळक पुरावा आहे तोच घे. दोन्ही कोंबायला गेलीस तर एकाचाही पुरावा द्यायला जागा उरत नाही.

वेळेचं थोडक्यात. तुमचा प्रथम भाषेचा लेखी पेपर १०० गुणांचा. वाचनाची १५ मिनिटं बाजूला ठेवली तर तीन तास, म्हणजे १८० मिनिटं. एका गुणाला दोन मिनिटांहून थोडी कमी, दोन गुणांना साडेतीन मिनिटांच्या आसपास. अर्धं पान लिहायला तुला सात-आठ मिनिटं लागत असणार. असे चार प्रश्न आले तर निबंधाची पंधरा मिनिटं तिथेच गेली. त्या साडेतीन मिनिटांतलं पहिलं मिनिट विचाराला दे, पेन उचलू नकोस. ‘काय हवं होतं’ हे मनात एका वाक्यात जुळलं की मगच लिही. लिहिताना विचार करणाऱ्यांचंच उत्तर ‘एकदा काय झाले’पासून सुरू होतं, कारण हेतू सापडेपर्यंत हात काहीतरी लिहीत राहतो.

भाषेबद्दल एक. आपल्याकडे बोलताना ‘बाळ उपाशी हाय म्हणूनशान गेली’ असं सहज येतं, आणि घरी-दारी ते तसंच राहू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेपरात मात्र ‘आहे म्हणून’, ‘केले’, ‘सांगितले’ असं प्रमाण रूप ठेव. पात्राचं बोलणं अवतरणात देशील तेव्हा मात्र ते धड्यात आहे तसंच दे, सुधारू नकोस. माझ्या उत्तरात ‘फुकटचं’ तसंच ठेवलंय ते बघ. आणि उत्तराच्या पहिल्याच वाक्यात पात्राचं नाव किंवा नातं सांगणारा शब्द येऊ दे. ‘त्याने’, ‘तिने’पासून सुरू केलंस आणि उताऱ्यात दोन-तीन माणसं असली, तर कुणाबद्दल लिहितेस हे कळत नाही. आप्पा आणि गणपा दोघेही ‘तो’च आहेत ना!

हाच प्रश्न एका गुणाला आला तर पहिलं वाक्य तेवढं लिही आणि पुढच्या प्रश्नाला लाग: ‘गणपाने सायकल नाकारू नये, म्हणून आप्पांनी गुडघेदुखीचे निमित्त सांगितले.’ तीन गुणांना आला तर गोष्ट वाढवायची नाही, तिसरा मुद्दा वाढवायचा. तो बहुतेकदा त्या कृतीचा समोरच्यावर काय परिणाम झाला हा असतो: ‘माझंच काम होईल’ असं ऐकल्यामुळे गणपाला आपण उपकार घेतोय असं वाटलं नाही आणि त्याने सायकल ठेवून घेतली. मघाशी मी परिणामाला हेतू म्हणू नकोस म्हटलं, ते तसंच आहे. इथे तो हेतूच्या जागी येत नाही, हेतू साधला की नाही हे दाखवायला शेवटी येतो.

प्रिपरेटरीच्या आधी पाठ्यपुस्तकातल्या धड्यांवरचे ‘का’ने संपणारे प्रश्न काढून घे आणि प्रत्येकाचं फक्त पहिलं वाक्य लिही, ‘नये म्हणून’ किंवा ‘यासाठी’ असलेलं. पूर्ण उत्तरं नकोत. मग वही मैत्रिणीला दे आणि तिला फक्त तुझं वाक्य वाचून धड्यातला पुरावा शोधायला सांग. तिला तो सापडला नाही, तर एकतर तुझा हेतू चुकलाय किंवा तो धड्यात नाहीच, तुझ्या मनातला आहे. त्या धड्याकडे परत जा.